बाळाचा श्वास मोजा, दूध मोजा: ब्रॉन्किओलायटिसमध्ये हॉस्पिटल कधी गाठायचं

लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, त्यामुळे सर्दीच्या सीझनला फोनवर येणारा एक प्रश्न मला तोंडपाठ आहे. "बाळाला ब्रॉन्किओलायटिस सांगितलंय, घरी सोडलंय, पण रात्री खूप खोकतोय, आणू का?" मी खोकल्याबद्दल काहीच विचारत नाही. मी विचारते, एका मिनिटाला श्वास किती आहेत, कालपासून दूध किती गेलंय, आणि शेवटची शू कधी झाली. समोर बहुतेक वेळा शांतता असते, कारण हे कोणी मोजायला सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख, पहिल्यांदा आईबाबा झालेल्यांसाठी, अगदी सुरुवातीपासून.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या

फुप्फुसात मोठ्या नळ्यांना फाटे फुटत फुटत शेवटी अगदी बारीक नळ्या होतात, त्यांना ब्रॉन्किओल म्हणतात. व्हायरस तिथवर पोचला की आतलं अस्तर सुजतं, चिकट स्राव होतो, मेलेल्या पेशींचा कचरा साठतो आणि नळी अर्धवट बुजते. बहुतेक केसेसमध्ये हा व्हायरस आरएसव्ही असतो. मोठ्या माणसाला तोच व्हायरस झाला तर नुसतं नाक गळतं, कारण आपल्या नळ्या रुंद असतात. बाळाची नळी मुळातच बारीक, आणि नळीचा घेर कमी झाला की हवेला होणारा अडथळा सरळ हिशोबात वाढत नाही, तो भसकन वाढतो. नळीची रुंदी निम्मी झाली तर अडथळा साधारण १६ पट होतो. म्हणून थोडीशी सूजही बाळाला महाग पडते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हा आजार होतो, जास्त करून पहिल्या वर्षात, आणि ३ ते ६ महिन्यांच्या बाळांना सगळ्यात जास्त.

आता दुधाचं काय ते बघा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. बाळ दूध पिताना चोखतं, गिळतं, श्वास घेतं, परत चोखतं, आणि गिळायच्या क्षणी श्वास थांबतो. श्वास मिनिटाला ३५-४० असेल तर हे सगळं आरामात बसतं. तोच श्वास ६५ झाला की प्रत्येक श्वासाला एक सेकंदसुद्धा मिळत नाही, मग गिळायचं कधी? त्यात नाक चोंदलेलं, आणि तोंडात निप्पल असताना बाळ नाकानेच श्वास घेतं. मग बाळ दोन घोट घेतं, सोडतं, धापतं, रडतं, परत धरतं, आणि दमून झोपून जातं. लोक म्हणतात "भूक नाहीये त्याला". भूक असते हो, पण एका वेळी दोन कामं जमत नाहीत आणि बाळ श्वास निवडतं. म्हणजे दूध कमी होणं हे श्वासाच्या त्रासाचंच माप आहे, आणि ते घरच्या घरी मोजता येतं.

पायरी १: दिवस मोजायला सुरुवात करा

नाक गळायला लागलं तो दिवस पहिला धरा आणि कागदावर तारीख लिहा. पहिले एक ते तीन दिवस साधी सर्दी वाटते, थोडा ताप असतो किंवा नसतोही. मग खोकला, घरघर आणि जलद श्वास सुरू होतो. त्रास सगळ्यात जास्त असतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि नंतर हळूहळू उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

हे लिहून ठेवायचं कारण असं, की दुसऱ्या दिवशी "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलेलं बाळ चौथ्या दिवशी हॉस्पिटलात येऊ शकतं, आणि तेव्हा आईबाबांना वाटतं की आधीच्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं. तेव्हा बाळ खरंच ठीक होतं, चढ अजून बाकी होता एवढंच. तेच जलद श्वास दुसऱ्या दिवशी असतील तर काळजी जास्त, कारण पुढे अजून वाढायला जागा आहे. सहाव्या दिवशी तेवढेच श्वास असतील आणि दूध वाढत असेल तर बहुधा उतार लागलाय.

पायरी २: श्वास नीट मोजा

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना मोजायचं. रडताना, दूध पिताना किंवा प्यायल्यावर लगेच मोजलेला आकडा कामाचा नाही. ताप चढलेला असतानाही श्वास वाढतो, म्हणून तापात मोजला असेल तर ताप उतरल्यावर परत मोजा. कपडे वर करून छाती आणि पोट दोन्ही उघडं दिसू द्या, कारण लहान बाळाचा श्वास पोटावरच जास्त दिसतो. पोट एकदा वर आणि खाली गेलं की एक. मोबाईलवर टायमर लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका प्लीज, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, थोडा भरभर, मग छोटासा पॉज, मग परत भरभर असं असतं, आणि १५ सेकंदात तुम्ही नेमके भरभर भागात सापडलात तर उगाच घाबराल, पॉजमध्ये सापडलात तर उगाच निश्चिंत व्हाल. जास्त आला तर पाच-दहा मिनिटांनी परत एकदा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसकट लिहा.

शांत बाळात जलद श्वास म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. या रेषेच्या वर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कुठल्याही वयात शांत असताना ६० च्या वर टिकून असेल तर हॉस्पिटलात तपासून घ्यायचं, आणि ७० च्या वर असेल तर इमर्जन्सी, थांबायचं नाही.

पण नुसत्या आकड्यावर झोपू नका. मोजतानाच बघा की श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये किंवा खाली खड्डे पडतायत का, गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, मान प्रत्येक श्वासाला हलतेय का. थोडेसे खड्डे या आजारात बऱ्याच बाळांना पडतात, ते दिसले तर डॉक्टरांना दाखवा. खोल खड्डे पडत असतील, किंवा प्रत्येक श्वास सोडताना "अं… अं…" असा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर सरळ निघायचं. तो आवाज बाळ लाडात काढत नाही, नळ्या मिटू नयेत म्हणून गळा थोडा आवळून हवा आत धरून ठेवायचा तो प्रयत्न असतो.

एक फसवा प्रकार सांगते, हा मी डोळ्यांनी पाहिलाय. बाळाचे श्वास दिवसभर ६६-६८, आणि पहाटे आई खूश, "आता ३८ वर आलाय, शांत झोपलाय". पण बाळ हाक मारली तरी डोळे उघडेना, अंग ढिलं, निप्पल तोंडात दिलं तर चोखेना. तो थकला होता. श्वास कमी झाला आणि त्यासोबत बाळ जास्त टवटवीत झालं, दूध ओढायला लागलं, तर ते बरं होणं. श्वास कमी झाला आणि बाळ सुस्त पडलं, तर ती सगळ्यात वाईट बातमी, ताबडतोब ॲम्ब्युलन्स.

पायरी ३: दूध मोजा, पण बरोबर पद्धतीने

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. "दर दोन तासांनी घेतो" असं सांगतात, पण प्रत्येक वेळी किती? आठ वेळा ३० मिली म्हणजे २४० मिली होतात, आणि नेहमीचा दिवस ८०० मिलीचा असेल तर हे एक तृतीयांशही नाही. तेव्हा मोजायचं ते २४ तासांचं एकूण दूध, आणि तुलना करायची ती बाळाच्या स्वतःच्या नेहमीच्या दिवसाशी, शेजारच्या बाळाशी नाही. उलटून टाकलेलं अंदाजे वजा करा.

तीन चतुर्थांशाच्या वर जातंय तोवर ठीक. निम्मं ते तीन चतुर्थांश या पट्ट्यात आलं की त्याच दिवशी डॉक्टर. निम्म्याच्या खाली गेलं की हॉस्पिटल. आणि हे कळायला पूर्ण २४ तास थांबायची गरज नाही, सलग दोन-तीन फीड निम्म्याहून कमी गेले तर लगेच कळवा.

अंगावर पाजत असाल तर मिली कळत नाहीत, मग दुसऱ्या खुणा बघायच्या. नेहमी १५ मिनिटं नीट ओढणारं बाळ आता चार मिनिटांत सोडतंय का, गिळण्याचा आवाज येतोय का, छाती रिकामी झाल्यासारखी वाटते की तशीच भरलेली. आणि ओले डायपर मोजा. अंगावरचं असो की बाटलीचं, शू खोटं बोलत नाही. एरवी दिवसाला सहा किंवा जास्त होतात. १२ तास कोरं गेलं तर हॉस्पिटल. आजकालचे डायपर इतकं शोषून घेतात की ओलं कळतच नाही, त्यासाठी आत एक टिश्यू पेपर ठेवा, लगेच समजतं. तोंड कोरडं, रडताना डोळ्यात पाणी नाही, टाळू खोल गेलेली, हे दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, त्याची वाट बघू नका.

पायरी ४: आपल्या बाळासाठी रेषा कुठे ओढायची

वर सांगितलेले आकडे एरवी निरोगी असलेल्या बाळाचे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, वेळेआधी जन्मलेलं असेल (३२ आठवड्यांच्या आतलं असेल तर जास्तच), जन्मतः हृदयाचा दोष असेल, फुप्फुसाचा जुना त्रास असेल, स्नायूंचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर रेषा खूप अलीकडे ओढायची, म्हणजे सर्दीसोबत दूध थोडं कमी झालं तरी दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सियस किंवा जास्त ताप आला तर तो ब्रॉन्किओलायटिस असो नसो, त्याच दिवशी दाखवायचाच.

या अगदी लहान बाळांमध्ये अजून एक गोष्ट होते, श्वास जलद न होता मध्येच थांबतो. कधीकधी हीच पहिली खूण असते, खोकलासुद्धा धड सुरू झालेला नसतो. पाच-सात सेकंदांचा पॉज लहान बाळात नॉर्मल असू शकतो. पण १० सेकंदांच्या वर थांबला, किंवा पॉज कितीही छोटा असो आणि ओठ-जीभ निळी किंवा राखाडी पडली, अंग ढिलं पडलं, तर नंतर बाळ एकदम छान दिसलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवा. "आता तर हसतोय" म्हणून घरी थांबू नका.

एक केस, दिवसवार

साडेचार महिन्यांचं बाळ, वजन ६ किलो, पूर्ण दिवसाचं, बाकी काही आजार नाही. नेहमी १२० मिलीच्या ७ बाटल्या, म्हणजे ८४० मिली. घरातल्या मोठ्या भावाला सर्दी.

पहिला दिवस, नाक गळतंय, झोपेत श्वास ३८, दूध सगळं. दुसरा दिवस, खोकला सुरू, श्वास ४४, एकूण दूध ७४० मिली, डायपर ६. ७४० म्हणजे नेहमीच्या जवळपास ८८ टक्के, काही करायचं नाही, नाकात सलाईनचे ड्रॉप्स टाकून दूध देत राहायचं.

तिसरा दिवस, श्वास ५४, परत मोजला ५६, बरगड्यांखाली हलके खड्डे. बाटलीला ७०-८० मिलीवर थकतोय, म्हणून आठ वेळा दिलं, एकूण ६१० मिली, डायपर ५. ६१० म्हणजे ७३ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही रेषा ओलांडल्या, श्वासाची ५० ची आणि दुधाची तीन चतुर्थांशाची, म्हणून त्याच संध्याकाळी डॉक्टर. तपासलं, ऑक्सिजन ९६, बाळ हसतंय. घरी पाठवलं, पण सांगून की अजून दोन दिवस चढाचे आहेत, रात्री दोनदा मोजा. हा निर्णय बरोबर होता.

चौथा दिवस, रात्री एक वाजता. श्वास ६४, दहा मिनिटांनी ६६. खड्डे खोल, नाकपुड्या फुलतायत. दुपारी एकपासून १२ तासांत एरवी ४२० मिली गेलं असतं, गेलंय १९०, म्हणजे ४५ टक्के. शेवटचा ओला डायपर दुपारी तीनचा, दहा तास झाले. ताप नाही. आजी म्हणते ताप नाही तर सकाळी जाऊ. पण या आजारात ताप नसणं काहीच सिद्ध करत नाही, इथे तीन गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतायत, सकाळ कशाला? निघाले. हॉस्पिटलात ऑक्सिजन ८९ वर टिकलेला, नाकातून ऑक्सिजन लावला, नाकातून पोटात बारीक नळी घालून थोडंथोडं दूध सुरू केलं. दोन रात्री. सहाव्या दिवशी श्वास ४६, स्वतः ९० मिली प्यायला, झोपेतही ऑक्सिजन विनानळी चांगला राहिला, घरी. खोकला विसाव्या दिवसापर्यंत.

पायरी ५: घरी असताना काय करायचं

प्रत्येक फीडच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे एक-दोन थेंब, मिनिटभराने बाहेर आलेलं पुसा किंवा सक्शन बल्बने हलकेच ओढा, खोल घालू नका, दिवसभर ओढतही बसू नका, नाक आतून सुजतं आणि अजून चोंदतं. दूध थोडं थोडं आणि जास्त वेळा, बाळाला जरा उभट धरून, मध्ये थांबून श्वास घेऊ द्या. श्वास ६० च्या वर असताना जबरदस्तीने पाजू नका, ते चुकून फुप्फुसात जाऊ शकतं. झोपवायचं मात्र पाठीवर सपाटच, उशी लावू नका. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर त्याने बाहेर जाऊन ओढून यायचं हेही पुरेसं नाही, धूर कपड्यांना लागून येतो.

सहा महिन्यांच्या आत दुधाऐवजी पाणी नको, एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, खोकल्याचं सिरप नको, कापूर-मेन्थॉलचा बाम नको, आणि उकळत्या पाण्याची वाफ तर नकोच, भाजलेली बाळं पाहिलीयेत मी. ताप असेल किंवा किरकिर असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेल्या डोसप्रमाणेच. मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर लावून त्यावर निर्णय घेऊ नका, तो बसतच नाही नीट, कधी ९९ दाखवतो कधी ८२.

आणि डॉक्टरांनी औषधच दिलं नाही तर?

हा राग मी रोज पाहते. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. दम्यात देतात तो नेब्युलायझर नळीचे आवळलेले स्नायू सैल करतो, इथे नळी सूज आणि चिकट कचऱ्याने बुजलीय, सैल करायला फारसं काही नाहीच. स्टेरॉइडचाही या आजारात फायदा दिसलेला नाही. नेहमीच्या केसमध्ये एक्स-रेसुद्धा लागत नाही. हॉस्पिटलात जे मिळतं ते एवढंच: ऑक्सिजन, नळीने दूध किंवा शिरेतून पाणी, आणि कोणीतरी सतत बघत राहणं. म्हणजे बाळ स्वतः श्वास आणि दूध दोन्ही सांभाळू शकत नाही तेवढे दिवस आम्ही ते सांभाळतो. तुमच्या कागदावरचे आकडे हेच सांगत असतात, की अजून त्याला स्वतःला जमतंय की नाही.

फोन कराल किंवा याल तेव्हा तो कागद हातात ठेवा आणि या क्रमाने सांगा: वय, कितवा दिवस, वेळेआधी जन्म किंवा जुना आजार, शांत असताना मिनिटाला श्वास, २४ तासांत दूध आणि नेहमी किती, शेवटची शू किती वाजता. रात्री ड्युटीवर असलेल्या माणसाला एवढं अर्ध्या मिनिटात कळलं तर "बघू या, आणा उद्या" आणि "लगेच निघा" यातला फरक तिथल्या तिथे ठरतो.